मंगळ कुठे थांबतो

२०२४ च्या फेब्रुवारीत मंगळाने मकर राशीत प्रवेश केला आणि ३९ दिवसांत ती ओलांडली. पुढची कुंभ राशीही त्याने ३९ दिवसांतच मागे टाकली. त्याच वर्षी २६ ऑगस्टला तो मिथुनेत आला आणि तिथून पुढे मात्र त्याची चाल मंदावत गेली. मिथुन, कर्क, पुन्हा मिथुन, पुन्हा कर्क असा फिरत तो ७ जून २०२५ पर्यंत या दोनच राशींत अडकून होता. हा काळ २८५ दिवसांचा. मंगळाचे गोचर पत्रिकेवर कसे वाचतात हे समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात या विषमतेपासून करावी लागते. ‘मंगळ एका राशीत दीड महिना असतो’ हे वाक्य सगळीकडे छापलेले असते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण ज्या वर्षी ते खोटे ठरते, त्याच वर्षी मंगळाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते.

याचे कारण आकाशात आहे. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ६८७ दिवस लागतात, म्हणजे दोन वर्षांना सुमारे दीड महिना कमी. पृथ्वी तीच फेरी ३६५ दिवसांत पुरी करते. त्यामुळे आतल्या मार्गावरून धावणारी पृथ्वी सरासरी ७८० दिवसांनी, म्हणजे साधारण सव्वीस महिन्यांनी एकदा मंगळाला गाठते आणि मागे टाकते. जलद लोकल शेजारच्या रुळावरच्या धिम्या लोकलला ओलांडते तेव्हा धिमी गाडी खिडकीतून मागे जाताना दिसते, तसा या काळात मंगळ तारकांच्या पार्श्वभूमीवर उलटा जाताना दिसतो. आधी त्याची गती कमी होते, मग तो जागच्या जागी थांबल्यासारखा वाटतो. त्यानंतर दोन-अडीच महिने वक्री चालतो, पुन्हा थांबतो आणि मार्गी होतो. ७ डिसेंबर २०२४ ला कर्केच्या बाराव्या अंशाजवळ तो वक्री झाला आणि २४ फेब्रुवारी २०२५ ला मिथुनेच्या तेविसाव्या अंशाजवळ मार्गी झाला.

पृथ्वीवरून पाहताना मंगळाची राशिचक्रातली फेरी म्हणूनच अगदी ६८७ दिवसांची भरत नाही. मकरेत शिरल्यापासून पुन्हा मकरेत येईपर्यंत, म्हणजे ५ फेब्रुवारी २०२४ ते १६ जानेवारी २०२६, त्याला ७११ दिवस लागले. ढोबळमानाने दोन वर्षे म्हणायला हरकत नाही. मात्र ही दोन वर्षे बारा स्थानांत सारखी वाटली जात नाहीत. दहा स्थानांतून तो झरझर निघून जातो आणि एखाद-दुसऱ्या स्थानात ठाण मांडतो. कोणत्या, हे दर वेळी बदलते. २०१८ मध्ये तो मकरेत सहा महिने होता, २०२० मध्ये मीन आणि मेष, २०२२-२३ मध्ये वृषभ आणि मिथुन, आणि २०२४-२५ मध्ये मिथुन आणि कर्क. हा मुक्काम राशिचक्रात हळूहळू पुढे सरकत जातो आणि पंधरा ते सतरा वर्षांनी फिरून जवळपास त्याच राशीत येतो. एखाद्या माणसाच्या सप्तमस्थानात मंगळ दर दोन वर्षांनी येतोच, पण तिथे सात-आठ महिने तळ ठोकून बसण्याची वेळ आयुष्यात चार-पाचदाच येते.

ज्योतिषात मंगळाकडे काय सोपवले आहे हे मराठी वाचकाला बरेचसे माहीत असते, पण ओळख होते ती लग्न जुळवताना ‘मंगळाची पत्रिका’ म्हणून. तो जन्मकाळचा मंगळ, जागचा न हलणारा. गोचरीचा मंगळ वेगळा. तो आज आकाशात जिथे आहे तिथून जन्मपत्रिकेच्या ज्या घरावरून जातो, त्या घराच्या विषयात तो उष्णता आणतो असे मानतात. रक्त, स्नायू, शस्त्र, आग, जमीन, धाकटा भाऊ, पोलीस, सैनिक, शल्यचिकित्सक ही सगळी त्याची खाती. या सगळ्यांत समान आहे ती कापण्याची, जोर लावण्याची, हद्द आखण्याची क्रिया. म्हणून गोचरीत मंगळ वाचताना ‘भांडण होईल का?’ हा प्रश्न थोडा उशिराचा ठरतो. आधी विचारायचे, या घराच्या विषयात माणसाचा जोर कुठे लागतोय आणि त्या जोराला वाट आहे का? वाट असेल तर तो मंगळ काम उरकतो. नसेल तर तोच जोर समोरच्या माणसावर किंवा स्वतःच्या अंगावर निघतो. मंगळाबाबत मला ही विचारपद्धत सर्वांत उपयोगी वाटते, कारण ती माणसाला घाबरवत नाही आणि कामालाही लावते.

भारतीय परंपरेत गोचर मुख्यतः जन्मराशीपासून, म्हणजे जन्मकाळी चंद्र असलेल्या राशीपासून मोजतात. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गोचराचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि मंत्रेश्वराच्या फलदीपिकेतही हा विषय सविस्तर आला आहे. नियम कडक आहे. चंद्रापासून तिसरा, सहावा आणि अकरावा मंगळ शुभ, बाकी नऊ ठिकाणी त्रासदायक. पहिल्यांदा ऐकले की हे अन्यायाचे वाटते, पण त्यामागचा विचार सरळ आहे. तिसरे स्थान पराक्रमाचे, सहावे शत्रू, रोग आणि कर्जाचे, अकरावे लाभाचे. या तिन्ही ठिकाणी जोर लावणे हेच काम असते. शत्रूच्या घरात सैनिक गेला तर बिघडत नाही. तोच चौथ्या घरात, म्हणजे घरकुलात आणि आईच्या विषयात शिरला, की नको तिथे धार लागते.

सहावे, सातवे आणि आठवे ही तीन स्थाने एकापाठोपाठ वाचली की संघर्षाचे वाचन कसे बदलत जाते ते चांगले कळते. सहाव्या स्थानातला संघर्ष उघड आणि मोजता येणारा असतो. थकलेले हप्ते, स्पर्धा परीक्षा, कार्यालयातला प्रतिस्पर्धी, अंगावर काढलेला आजार. इथे मंगळ आला की माणूस कंबर कसतो. सातव्या स्थानात समोरचा माणूस बरोबरीचा असतो, जोडीदार, भागीदार, कोर्टातला प्रतिपक्ष. त्याला हरवून चालत नाही, कारण उद्याही त्याच्याबरोबरच राहायचे असते. म्हणून सहाव्यातली तडफ सातव्यात तशीच चालू ठेवली की घरात ठिणगी पडते. आठव्यात संघर्ष दिसेनासा होतो. सासरचा पैसा, वारसा, सामाईक कर्ज, दडवलेली गोष्ट असे विषय, आणि राग बाहेर न पडता आत साठत राहतो. जाणते ज्योतिषी या काळात वाहन, धारदार हत्यार आणि शस्त्रक्रिया यांबाबत सांभाळून राहायला सांगतात. बाराव्यातला मंगळ यांच्याही पुढचा, तिथे जोर नुसता गळतो. झोप मोडते आणि खर्च वाढतो, पण कोणाशी भांडलो म्हणावे तर समोर कुणी नसते.

पण मंगळ नुसता बसलेल्या घरापुरता नसतो. सगळे ग्रह सातव्या घरावर पाहतात. मंगळाला त्याशिवाय चौथी आणि आठवी दृष्टी दिलेली आहे, म्हणजे एका वेळी तो चार घरांत हात घालतो. गोचर वाचताना ही गोष्ट सुटली की अर्धे वाचन सुटते. भांडण ऑफिसात चालू आहे असे वाटत असते, आणि दृष्टी पडलेली असते ती घरावर.

आता एक पत्रिका घेऊन २०२४-२५ चा तो लांबलेला मुक्काम वाचून पाहू. पत्रिका काल्पनिक आहे, ग्रहांच्या तारखा खऱ्या. समजा एखाद्याचा जन्म गुरुपौर्णिमेनंतरच्या दोन-चार दिवसांत, भर दुपारी झाला आहे. लग्न तूळ, चंद्र कुंभेत, आणि रवी कर्केच्या पाचव्या अंशावर, दशमस्थानात. मिथुन म्हणजे त्याचे भाग्यस्थान, कर्क म्हणजे कर्मस्थान, नोकरी-व्यवसाय आणि वरिष्ठ यांचे घर.

२० ऑक्टोबर २०२४ ला मंगळ कर्केत, याच्या दशमात आला. लग्नापासून पाहता हे कामाचे ओझे वाढण्याचे, पुढाकार घेण्याचे आणि वरिष्ठांशी खटके उडण्याचे चिन्ह. दशमात मंगळाला दिग्बल मिळते, पण कर्क ही त्याची नीच राशी. म्हणजे करण्याची इच्छा दांडगी, पण करण्याची रीत चुकण्याची शक्यता. चंद्रापासून मोजले तर कुंभेपासून कर्क सहावी, म्हणजे शुभ ठिकाण, प्रतिस्पर्ध्यावर मात. लग्न आणि चंद्र वेगळे बोलताना दिसले की गोंधळून जायचे कारण नाही. लग्नापासून कळते की विषय कोणता आहे, आणि चंद्रापासून कळते की तो माणसाला सोसेल का. इथे विषय कामाचा, आणि तो पेलण्याजोगा.

पण लगेच नाही. गोचरात वेधाचा नियम आहे. चंद्रापासून सहाव्या मंगळाचे शुभ फळ, त्याच वेळी नवव्या राशीत दुसरा ग्रह असेल तर अडते. कुंभेपासून नववी तूळ, आणि १७ ऑक्टोबरपासून १६ नोव्हेंबरपर्यंत सूर्य तुळेत होता. म्हणजे पहिले चार आठवडे मंगळ शुभ ठिकाणी असूनही फळ रोखलेले. याच काळात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मंगळ जन्मरवीच्या पाचव्या अंशावरून गेला. रवी म्हणजे अधिकारी, वडील, स्वतःचा मान. वाचन असे होईल की वरिष्ठांशी मतभेद इथे पहिल्यांदा उघड होतो, आणि पहिल्या फेरीत या माणसाचे म्हणणे चालत नाही.

डिसेंबरात मंगळ वक्री झाला आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उलट्या चालीने त्याच पाचव्या अंशावर परत आला. वक्री फेरीत नवे भांडण उभे राहत नाही, जुने उकरले जाते असे मानतात. मिटलेली फाईल पुन्हा उघडते, दिलेला शब्द तपासला जातो. १६ जानेवारीला सूर्य आणि मंगळ समोरासमोर होते. दोन-चार दिवसांच्या फरकाने मंगळ पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे साडेनऊ कोटी किलोमीटरवर होता आणि रात्रभर लालबुंद दिसत होता. २१ जानेवारीला तो मिथुनेत मागे गेला. चंद्रापासून ते पाचवे घर, अशुभ. लग्नापासून भाग्यस्थान. धीर सुटण्याचा, बदली किंवा दुसरी नोकरी शोधण्याचा हा काळ वाचता येतो. एप्रिलच्या मध्यात मंगळ सरळ चालीने तिसऱ्यांदा त्याच पाचव्या अंशावरून गेला. या वेळी तुळेत वेध करणारा ग्रह नव्हता, महिन्यातून दोन-सव्वादोन दिवस येऊन जाणारा चंद्र सोडला तर. म्हणजे नोव्हेंबरात अडलेली गोष्ट एप्रिलमध्ये सुटावी, असे नियम सांगतो.

आता दृष्टी पाहू. कर्केतून मंगळाची सातवी दृष्टी मकरेवर, म्हणजे याच्या चौथ्या घरावर पडते. मिथुनेतून आठवी दृष्टी पडते तीही मकरेवरच. म्हणजे मंगळ पुढे-मागे झाला तरी घर, आई आणि मनःशांती यांचे स्थान २८५ दिवस सलग त्याच्या नजरेखाली राहिले. वाचणाऱ्याने इथे नुसते ‘ऑफिसात वाद’ असे सांगून थांबणे चुकीचे. खरा ताण घरात निघत असतो, आणि घरच्यांना वाटत असते की आपले काहीतरी चुकले.

दुसरी गोष्ट आणखी मोलाची. कर्केतून मंगळाची आठवी दृष्टी कुंभेवर, म्हणजे या माणसाच्या जन्मचंद्रावर. त्या वेळी कुंभेत शनीही होता. कुंभ राशीच्या साडेसातीचा तो मधला भाग. मनावर शनीचा दाब आणि मंगळाची धग एकाच वेळी. पण २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, आणि ३ एप्रिलला मंगळ दुसऱ्यांदा कर्केत आला. दोन्हींत पाच दिवसांचे अंतर. मंगळ त्याच राशीत, दृष्टी तीच, पण चंद्रावरून शनी उठलेला. म्हणून कर्केतला पहिला मुक्काम आणि दुसरा मुक्काम सारखे वाचता येत नाहीत. ‘मंगळ दशमात, नोकरीत कटकट’ असे वर्तमानपत्री भविष्य हा फरक कधीच दाखवू शकणार नाही, कारण त्याला दर राशीला दोनच ओळी मिळतात.

चुका कुठे होतात तेही पाहायला हवे. सर्वांत जास्त होणारी चूक सायन आणि निरयन यांच्या सरमिसळीची. पाश्चात्त्य पद्धतीचा राशी मोजण्याचा आरंभ आणि आपल्या पंचांगाचा आरंभ यांत आज चोवीस अंशांहून जास्त अंतर आहे. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशी पद्धतीचे ॲप मंगळ सिंहेत दाखवत होते, तर सोलापूरच्या दाते पंचांगात तो कर्केत होता. जन्मपत्रिका पंचांगाची आणि गोचर ॲपचे असे जोडले की सगळी फळे एक घर पुढे सरकतात. दुसरी चूक जन्मवेळेची. लग्न साधारण चार मिनिटांत एक अंश पुढे जाते. जन्म राशीच्या कडेला झाला असेल तर दहा मिनिटांच्या फरकाने दशमातला मंगळ नवमात किंवा एकादशात वाचला जाऊ शकतो. वेळ ठाम नसेल तेव्हा लग्नापासूनच्या घरांवर फार भिस्त ठेवू नये, चंद्रराशीपासूनचे गोचर आधी पाहावे. तिसरी चूक दशा न पाहण्याची. मंगळाची महादशा किंवा अंतर्दशा चालू असेल तर त्याचे गोचर जोरात बोलते. नसेल तर हाच मुक्काम थोड्या चिडचिडीवर निभावतो.

चौथी चूक सर्वांत खोल आहे, आणि ती ज्योतिषी आणि विचारणारा दोघेही करतात. मंगळ दर दोन वर्षांनी बाराही घरांतून फिरतो आणि एका वेळी चार घरांना लागतो. मग झालेल्या कोणत्याही भांडणाला मागे वळून एखादा मंगळ सापडणारच. ते जुळणे पुरावा ठरत नाही. महाराष्ट्रात याची रीतसर परीक्षाही झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या आणि त्यांतून प्रत्येकी चाळीस पत्रिका ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. सत्तावीस जणांची उत्तरे आली. बरोबर निघालेले प्रमाण ४६ टक्के होते, नाणे उडवून मिळेल त्यापेक्षा अधिक नाही. ती परीक्षा जन्मपत्रिकेची होती, गोचराची नव्हती, पण गोचर मांडणाऱ्यानेही तिच्यापासून नजर चुकवू नये. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख डॉक्टर ठरवतील, कोर्टाची वकील ठरवतील. मंगळ कुठल्या घरात आहे यावरून ती पुढे ढकलू नये.

गोचर पाहायचेच असेल तर आधी लिहून ठेवून पाहावे. पुढचा वक्री मंगळ १० जानेवारी २०२७ च्या सुमारास सिंहेत, सोळाव्या अंशाजवळ सुरू होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास कर्केच्या शेवटच्या अंशांत संपतो. वर घेतलेल्या तूळ लग्नाच्या पत्रिकेत सिंह हे लाभस्थान, मोठा भाऊ आणि मित्रमंडळी यांचे घर, आणि चंद्रापासून ते सातवे, म्हणजे जोडीदाराचे. सिंहेतून दृष्टी पडते ती वृश्चिक, कुंभ आणि मीनेवर, म्हणजे या माणसाच्या धनस्थानावर, पुन्हा जन्मचंद्रावर आणि षष्ठावर. मित्रांना दिलेले पैसे, त्यावरून घरात बोलणी, आणि वक्री काळात जुना व्यवहार पुन्हा वर येणे, असे वाचन २०२६ सालीच तारखांसकट वहीत उतरवता येते. सोबत काय झाले नाही तर वाचन चुकले म्हणायचे, तेही लिहावे. एप्रिल २०२७ नंतर मंगळ पुन्हा सिंहेतून पुढे सरकेल, तेव्हा ती वही उघडून पडताळा घेता येईल.